दुपाखी छपराची कैची आणि मधला उभा: सांध्या-सांध्याने बळे काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे सिव्हिलच्या डिप्लोमाला गेलेली मुले मला हा धडा पुन्हा पुन्हा विचारतात. कॉलेजात तो इंग्रजीतून होतो. गणिताची उत्तरे येतात, पण घरच्या माळ्यावर चढून वर पाहिले की कोणता मेंबर ओढला जातोय आणि कोणता दाबला जातोय हे सांगता येत नाही. म्हणून इथे एकच कैची घेतली आहे. तिचेच आकडे शेवटपर्यंत चालतील.

कोणती कैची घेतली आहे?

भिंतीपासून भिंतीपर्यंत ८ मीटर आणि मधोमध उंची ३ मीटर अशी कौलारू घराची कैची. अर्धा गाळा ४ मीटर आणि उंची ३ मीटर, म्हणून प्रत्येक पाख्याची तिरपी लांबी बरोबर ५ मीटर भरते. गवंडी पाया आखताना दोरीने तीन-चार-पाच करून काटकोन साधतो, तोच हा त्रिकोण. त्यामुळे साइन-कोसाइनची गरजच पडत नाही. तिरप्या बळाचा आडवा वाटा ४/५, उभा वाटा ३/५, एवढे लक्षात ठेवले की झाले.

सांध्यांना नावे देऊ. डाव्या भिंतीवरचा अ, उजव्या भिंतीवरचा ब, माथ्यावरचा क, खालच्या तुळईच्या मध्यावरचा ड. डाव्या पाख्याच्या मध्यावर च, उजव्या पाख्याच्या मध्यावर छ. मेंबर असे: दोन्ही पाख्यांचे चार तुकडे अ–च, च–क, क–छ, छ–ब, खालच्या तुळईचे दोन तुकडे अ–ड आणि ड–ब, मधला उभा क–ड, आणि त्याच्या बुडापासून पाख्यांच्या मध्यापर्यंत गेलेले दोन तिरपे टेकू च–ड आणि छ–ड. कागदावर हे काढून घ्या आणि मगच पुढे वाचा.

मेंबर ९, सांधे ६. सांध्यांची दुप्पट करून ३ वजा केले की ९ येतात. ही बेरीज जुळली म्हणजे, मेंबर नीट त्रिकोणांत बांधलेले असतील तर, केवळ सांध्यांच्या तोलावरून सगळी बळे काढता येतात.

प्रत्येक सांध्यावर ८ किलोन्यूटन वजन कुठून आले?

पुस्तकात हा आकडा आयता दिलेला असतो. तो कसा येतो हे एकदा बघितलेले बरे. दोन कैच्यांत ३ मीटर अंतर धरले आहे. च या सांध्यावर पाख्याची अडीच मीटर लांबी येते, म्हणजे साडेसात चौरस मीटर छप्पर. मंगलोरी कौले रीपांसकट चौरस मीटरला साधारण ०.६५ किलोन्यूटन भरतात. त्याचे सुमारे ४.९ झाले. छपरावर माणूस चढतो, दुरुस्ती होते, त्यासाठी एवढ्या उताराला आडव्या क्षेत्रावर चौरस मीटरला ०.४ धरतात. आडवे क्षेत्र ६ चौरस मीटर, म्हणून आणखी २.४. आडव्या लाकडांचे आणि कैचीचे स्वतःचे वजन ०.७ धरले की ८ होतात. माथ्यावर दोन्ही पाख्यांतून अर्धे-अर्धे येते, तिथेही ८. भिंतीवरच्या अ आणि ब या टोकांना अर्धेच छप्पर, म्हणून तिथे ४.

एकूण वजन ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. कैची दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे प्रत्येक भिंत १६ ने वर उचलते.

सुरुवात कुठून करायची? माथ्यापासून का नाही?

एका सांध्यावर दोनच समीकरणे मिळतात, आडव्या बळांची बेरीज शून्य आणि उभ्या बळांची बेरीज शून्य. म्हणून जिथे दोनच अनोळखी मेंबर आहेत तिथूनच सुरुवात होते. माथ्यावर तीन मेंबर येतात आणि ड वर पाच. अ वर मात्र दोनच.

अ वर भिंत १६ ने वर उचलते आणि छपराचे ४ खाली दाबतात. उरले १२ वर. हे १२ खाली दाबणारे दुसरे कोणीतरी हवे. तुळई आडवी आहे, तिच्याकडे उभा वाटा नाही. म्हणजे हे काम पाख्याचेच. पाख्याच्या बळाचा ३/५ भाग १२ असेल तर पूर्ण बळ २०. पाखा सांध्याला खाली-डावीकडे ढकलतोय, म्हणजे तो दाबात आहे. त्याचा आडवा वाटा २० चा ४/५, म्हणजे १६, आणि तो सांध्याला घराबाहेर ढकलतो. तो परत आत ओढायला तुळई आहे. तुळई सांध्याला स्वतःकडे ओढते, म्हणून ती १६ च्या ताणात आहे.

ही ओळ पुन्हा वाचा, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. आपण बाण सांध्यावर काढतो, मेंबरवर नाही. मेंबर सांध्याला ढकलत असेल तर तो दाबात, सांध्याला स्वतःकडे ओढत असेल तर ताणात. हा नियम सुटला की आकडे बरोबर येऊनही ताण-दाब उलटे लिहिले जातात.

च या सांध्यावर दोन समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. ती सोपी करून सांगाल का?

च वर अ–च चे बळ आता ओळखीचे आहे. तो २० ने वर-उजवीकडे ढकलतो, म्हणजे उजवीकडे १६ आणि वर १२. छपराचे ८ खाली. वरचा तुकडा च–क आणि टेकू च–ड ही दोन अनोळखी. दोन्ही दाबात आहेत असे धरू. चुकलो तर उत्तर वजा येईल, घाबरण्याचे कारण नाही.

वरचा तुकडा च ला खाली-डावीकडे ढकलेल. टेकू ड कडून येतो, म्हणून तो च ला वर-डावीकडे ढकलेल.

आडवी बळे: उजवीकडे १६. डावीकडे वरच्या तुकड्याचा ४/५ आणि टेकूचा ४/५. म्हणजे दोघांची बेरीज २०.

उभी बळे: वर १२ आणि टेकूचा ३/५. खाली ८ आणि वरच्या तुकड्याचा ३/५. म्हणजे वरचा तुकडा टेकूपेक्षा ४ भागिले ०.६, म्हणजे ६.६७ ने मोठा.

बेरीज २०, फरक ६.६७. वरचा तुकडा १३.३३ आणि टेकू ६.६७. दोन्ही धन, म्हणजे दोन्ही खरोखर दाबात.

इथे थोडे थांबून पाख्याकडे बघा. एकाच अखंड वाशात खालच्या अर्ध्यात २० आणि वरच्या अर्ध्यात १३.३३. भिंतीकडे येता येता पाख्यातला दाब वाढत जातो. पाख्याची लाकडे भिंतीजवळच भिजून कुजतात, आणि तिथेच दाब सर्वांत जास्त असतो.

मधला उभा दाबात असतोय की ताणात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझी विनंती एवढीच की बाकी सगळे विसरलात तरी हे विसरू नका.

माथ्यावर जाऊ. दोन्ही पाख्यांचे वरचे तुकडे क ला वर ढकलतात. प्रत्येकाचा उभा वाटा १३.३३ चा ३/५, म्हणजे ८. दोघांचे मिळून १६ वर. छपराचे ८ खाली. अजून ८ खाली हवेत, आणि ते फक्त मधल्या उभ्याकडूनच येऊ शकतात. तो माथ्याला खाली ओढतोय, म्हणजे तो ८ च्या ताणात आहे. तो खांब नाही. माथ्यावरून टांगलेला आहे.

कारण टेकूत आहे. दोन्ही टेकू पाख्याचे वजन घेऊन मधल्या उभ्याच्या बुडाशी येतात आणि त्याला खाली ढकलतात. उभा ते वजन वर माथ्याकडे नेतो आणि माथा ते दोन्ही पाख्यांतून भिंतींवर सोडतो.

टेकू नसते तर? ड वर दोन आडवे तुकडे आणि एक उभा राहिला असता. उभ्याचे बळ तोलायला दुसरे उभे काहीच नाही, म्हणून ते शून्य. टेकू नसलेल्या साध्या कैचीत मधला उभा फक्त तुळईचे स्वतःचे वजन उचलून धरतो.

खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या घराची दुरुस्ती बघायला मी गेलो होतो. कैचीचे टेकू उभ्याच्या खांद्यावर न बसवता थेट तुळईवर टेकवले होते, आणि उभा तुळईला फक्त दोन खिळ्यांनी मारला होता. तुळई मध्यावर वाकली होती. म्हाताऱ्या सुतारमामांनी खिशातला धातूचा फूटरूल काढून उभ्याच्या बुडाखाली सरकवला. तो आरपार गेला. खिळे अर्धे बाहेर आले होते, त्यांच्या अंगावर गंजाची तपकिरी रेघ. मामा म्हणाले, "ह्यो उभा खाली बसल्याला न्हाई साहेब, वर लोंबकळतोय. त्याला धरून ठेवायला पट्टी पायजे हुती." आपल्या आकड्यांत बोलायचे तर टेकू ८ किलोन्यूटनने तुळईला खाली ढकलत होते आणि ते वर नेण्याचे काम दोन खिळ्यांवर होते, तेही ज्या दिशेने ठोकले त्याच दिशेने ओढले जाऊन. तुळईला खालून कवेत घेऊन उभ्याला दोन्ही बाजूंनी बोल्ट केलेली लोखंडी पट्टी हा त्यावरचा नेहमीचा उपाय. नव्याने करताना उभ्याचे बूड रुंद ठेवून त्याच्या खांद्यावर टेकू बसवावेत, म्हणजे हे वजन तुळईत जातच नाही.

उत्तर बरोबर आहे हे मला कसे कळेल?

ड हा सांधा आपण अजून वापरलेला नाही. तोच तपासणीसाठी ठेवायचा. उभा ड ला ८ ने वर ओढतो. प्रत्येक टेकू ६.६७ चा ३/५, म्हणजे ४ ने खाली ढकलतो, दोन मिळून ८. उभे जुळले. आडवी बळे दोन्ही बाजूंनी सारखी आहेत, ती आपोआप कटतात.

आता नेहमीची एक चूक मुद्दाम करून बघू. समजा अ वर छपराचे ४ वजा करायला विसरलो आणि १६ च धरून पुढे गेलो. मग पाख्याचा खालचा तुकडा २६.६७, तुळई २१.३३, वरचा तुकडा २०, टेकू ६.६७ आणि मधला उभा १६ येतो. सगळे आकडे अगदी खरे वाटतात. पण ड वर आल्यावर वर १६ आणि खाली ८, जुळत नाही. राहिलेला फरक ८. तो विसरलेल्या ४ ची बरोबर दुप्पट, कारण चूक दोन्ही टोकांना झाली. सांधा तुम्हाला चूक आहे एवढेच सांगत नाही, किती आहे तेही सांगतो.

एक गोष्ट मात्र ही तपासणी पकडणार नाही. ८ हा आकडाच चुकीचा धरला असेल, कौले जड असतील किंवा कैच्यांतले अंतर ४ मीटर असेल, तर सगळे सांधे छान जुळतील आणि उत्तर तरीही चुकीचे असेल. वजनाचा हिशेब वेगळा तपासावा लागतो.

तुळईला झोपाळा किंवा पोती टांगली तर कोणत्या मेंबरवर भार वाढतो?

ड वर ४ किलोन्यूटन टांगले असे धरू, म्हणजे सुमारे चारशे किलो. दोन्ही भिंती आणखी २-२ उचलतील. अ वर उरले १४, म्हणून पाख्याचा खालचा तुकडा २३.३३, तुळई १८.६७. च वर तीच दोन समीकरणे लावली की वरचा तुकडा १६.६७ आणि टेकू ६.६७. टेकू जिथे होता तिथेच राहिला. त्याचे काम फक्त च वरच्या छपराशी आहे, खाली काय टांगले त्याच्याशी नाही. मधला उभा मात्र ८ वरून १२ वर गेला, म्हणजे टांगलेले सगळे ४ त्याच्यातूनच वर गेले.

हे गणित ड वर टांगले तरच खरे. झोपाळ्याच्या कड्या बहुतेक घरांत मध्यापासून दोन-दोन हात बाजूला असतात. तिथे तुळई ओढली तर जातेच, शिवाय वाकतेही. सांध्यांच्या पद्धतीला हे वाकणे दिसत नाही, कारण प्रत्येक मेंबर फक्त लांबीच्या दिशेने बळ घेतो असे ही पद्धत मानूनच चालते.

पाख्यावरही तसेच. आडवे लाकूड च वर न येता च आणि क च्या मधोमध आले आणि त्यावर ४ किलोन्यूटन असतील, तर अडीच मीटरच्या त्या तुकड्यात सुमारे २ किलोन्यूटन-मीटरचे वाकणे येते. १३.३३ चा दाब सहज घेणारा वासा एवढ्या वाकण्याने झुकू शकतो. साइटवर आडवी लाकडे सांध्यावर येतात की नाही हे आधी बघा, मग हिशेबावर विश्वास ठेवा.

माळ्यावर खोली काढायची आहे. आड येणारी तुळई कापली तर चालेल का?

नाही. हे मी प्रत्येक वेळी तितक्याच कळकळीने सांगतो.

अ हा सांधा परत आठवा. पाखा त्याला १६ ने बाहेर ढकलतोय आणि तुळई १६ ने आत ओढतेय. तुळई कापली की पाख्याचा रेटा जागेवरच राहतो आणि तो भिंतीच्या माथ्याकडे जातो. प्रत्येक कैचीमागे १६ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून जास्त, भिंतीला बाहेर ढकलणारे. मातीत किंवा चुन्यात बांधलेली जांभ्याची भिंत वरून आलेले वजन पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण माथ्यावर आडवे ढकलले तर तिचा टिकाव लागत नाही. खूण आधी आढ्याला दिसते, ते मध्ये बसते. मग भिंतीच्या वरच्या कोपऱ्यांत उभ्या चिरा येतात आणि ओळंबा सोडला की भिंत बाहेर कललेली कळते. उंची हवीच असेल तर कैचीची रचनाच बदलावी लागते, आणि त्याची बळे पुन्हा सुरुवातीपासून काढावी लागतात.

मधल्या उभ्याच्या खाली जमिनीपासून खांब दिला तर आणखी मजबूत नाही का होणार?

खांब दिल्याबरोबर भिंतींची उचल १६-१६ राहत नाही. तीन आधारांत वजन कसे वाटले जाईल हे खांब किती घट्ट ठोकला, जमीन किती खचली, लाकूड किती दबले यावर ठरते. सांध्यांची दोन समीकरणे त्यासाठी पुरत नाहीत. पण दिशा सांगता येते. खांब जितके उचलेल तितका उभ्यातला ताण ८ मधून कमी होईल. खांबाने ८ उचलले की उभा शून्यावर, त्याहून जास्त उचलले की उभा दाबात जातो. पट्टीच्या भरवशावर ओढला जाण्यासाठी बसवलेला उभा आता दाबला जातोय. डागडुजी चालू असताना तात्पुरता टेकू देणे ठीक आहे, पण तो पाचर मारून छप्पर वर उचलेपर्यंत ठोकू नका.

कौले काढून पत्रे घातले. वजन कमी झाले, म्हणजे कैची जास्त सुरक्षित ना?

खाली येणाऱ्या वजनापुरती, हो. पण कौलांचे वजन वाऱ्याच्या उचलीला धरूनही ठेवत होते. पत्र्याचे वजन त्याच्या छोट्या अंशाएवढेच असते. जोराच्या वाऱ्यात पाख्यावर शोषण तयार होते आणि छप्पर वर ओढले जाते.

समजण्यासाठी धरा, की पत्र्याचे वजन वजा जाऊन क, च, छ वर ४-४ आणि टोकांना २-२ किलोन्यूटन निव्वळ वर आले. खरा वारा पाख्याला काटकोनात लागतो आणि दोन्ही पाख्यांवर सारखा नसतो, पण दिशा कळायला हे पुरे. आपली सगळी वजने अर्धी आणि उलटी झाली, म्हणून सगळी बळेही अर्धी आणि उलटी होतील. पाख्याचा खालचा तुकडा १० च्या ताणात, टेकू ३.३३ च्या ताणात, मधला उभा ४ च्या दाबात. आणि तुळई ८ च्या दाबात.

जाड लाकडी तुळई हे सोसेल. पण नव्या लोखंडी कैच्यांत तुळईच्या जागी बारीक गोल सळई लावलेली मी बऱ्याच शेडमध्ये बघितली आहे. सळई १६ चा ताण सहज घेते. दाब आला की चार मीटरचा तो तुकडा काडीसारखा बाजूला वाकतो. टेकू नुसते खाचेत बसवलेले असतील तर ओढल्यावर ते खाचेतून सुटतात. भिंतीवर नुसती ठेवलेली कैची तर जागेवरून उचलली जाते, म्हणून पत्रे घालण्याआधी अ आणि ब ला भिंतीत खोलवर बोल्ट घ्यावा लागतो. पत्रे बदलायचे ठरले की एक हिशेब वजनाचा आणि दुसरा वाऱ्याचा असे दोन्ही मांडा, आणि प्रत्येक मेंबर दोन्हींतल्या वाईट आकड्यासाठी तपासा.

परीक्षेत वेळ कमी असतो. उजवी बाजूही सोडवायची का?

कैची आणि वजने दोन्ही बाजूंनी सारखी असतील तर गरज नाही. "सममितीमुळे उजवीकडे तेच" अशी एक ओळ लिहा आणि तक्त्यात दोन्हीकडचे आकडे भरा. पाख्याचे खालचे तुकडे २० दाब, वरचे १३.३३ दाब, टेकू ६.६७ दाब, तुळई १६ ताण, मधला उभा ८ ताण. वजन एकाच बाजूला असेल तर सममिती मोडते. मग आधी ब भोवती वजनांचे फिरवणे मांडून अ ची उचल काढा आणि दोन्ही टोकांकडून सांधे सोडवत या. अशा वेळीही ड शेवटी राखून ठेवा.